आईच्या गोळ्या एकाच डोक्यात नकोत

आपल्यापैकी कितीतरी घरांत आईची किंवा बाबांची औषधं आज एकाच भावंडाच्या डोक्यात आहेत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साखरेची नाश्त्याच्या वेळी, कॅल्शियम दुपारी, कोलेस्टेरॉलची रात्री. कुठलं पाकीट कधी संपतं आणि गेल्या खेपेला डॉक्टरांनी काय बदललं, हे त्या एकालाच माहीत असतं. बहुधा आईच्या सर्वांत जवळ राहणारं ते भावंड. (कागदोपत्री हे काम भावाचं असतं आणि प्रत्यक्षात वहिनी करत असते, हेही आपल्याला ठाऊक आहे.)

मग एखाद्या आठवड्यात तेच माणूस तापाने झोपतं, किंवा मुलाच्या परीक्षेत अडकतं. त्या आठवड्यात आईच्या औषधांकडे कुणाचंच लक्ष नसतं. आणि दूरच्या भावंडांना ते कळतही नाही, कारण त्यांनी फोनवर विचारलेलं असतं, "गोळ्या घेतेस ना गं?" आणि आईने सांगितलेलं असतं, "हो, घेते की."

पूर्वी हे लक्ष घरातच होतं. आजोबांचं जेवण झालं की कुणीतरी नातवंड पाण्याचं भांडं आणि गोळी घेऊन जायचं. त्याला कुणी व्यवस्था म्हटलं नाही, पण व्यवस्थाच होती ती. आता आई साताऱ्यात, ताई पुण्यात आणि दादा न्यू जर्सीत असतो. घर तीन ठिकाणी पांगलं आणि ते लक्ष वाटेत कुठेतरी गळून पडलं. ते आपण परत मिळवू शकतो. रोजची चार-पाच मिनिटं लागतील, पण ती वाटून घ्यावी लागतील. आणि वाटून घ्यायची तर कुणीतरी आधी मागायला हवं, भावाला किंवा बहिणीला एक नीट ईमेल लिहून.

त्याआधी गोळ्या चुकतात कशा ते बघू, कारण त्यावरच मागणी काय करायची ते ठरतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात म्हटलं होतं की, विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे आपली आई काही जगावेगळी नाही. आणि तिची प्रत्येक चूक विसरण्यातून होत नाही. लग्नाला जायचं म्हणून ती लघवीची गोळी सकाळी मुद्दाम टाळते, कारण एसटीत सोय नसते. एकादशीला पोटात काही नाही म्हणून सगळ्याच गोळ्या सोडते, किंवा त्याहून वाईट, काही न खाता साखरेची गोळी घेऊन बसते. बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची एक दिवसाआड घेते. तेवढेच पैसे वाचतात. फोनवर यातलं काही सांगत नाही. मुलांच्या जिवाला घोर नको, एवढाच तिचा हेतू असतो.

चुकण्याची दुसरी तऱ्हा जास्त घेण्याची. रक्तदाबाच्या एकाच औषधाला बाजारात कितीतरी नावं आहेत. दुकानदाराकडे नेहमीचं नसलं की तो दुसऱ्या कंपनीचं देतो. औषध तेच, पाकीट वेगळं. जुन्या पाकिटात सहा गोळ्या शिल्लक असतात, नवीन पाकीट वेगळ्या रंगाचं असतं, आणि आईला वाटतं डॉक्टरांनी एक औषध वाढवलं. ती दोन्ही घेते. हे ओळखायचा उपाय साधा आहे. कंपनीने दिलेल्या नावाजवळ औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, ते वाचायचे. दोन पाकिटांवर "टेल्मिसार्टन ४०" असेल तर ते एकच औषध आहे. पण पाकीट कापून दिलेलं असलं तर नेमकं नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडाच दुकानात राहतो. म्हणून अख्खी पट्टी मागायची, निदान नाव दिसेल असा भाग तरी.

आता त्या ईमेलकडे येऊ. व्हॉट्सॲपचा घरचा ग्रुप यासाठी नको. तिथे शुभ सकाळच्या फुलांखाली तो निरोप दोन तासांत गाडला जाईल, आणि आईही त्याच ग्रुपवर असते. तिच्याबद्दलची चर्चा तिच्यासमोर, तिला वगळून होईल. फोनवर मागितलं तर समोरचा लगेच "हो" म्हणतो आणि विसरतो, किंवा लगेच स्वतःचा बचाव करू लागतो. ईमेल तो रात्री निवांत वाचेल, बायकोशी बोलेल, वेळा ताडून बघेल. औषधांची यादीही त्याला जोडता येते.

पण ईमेल लिहायच्या आधी आईशी बोलायचं. तिला तपासणी नको असते, आणि तिचं बरोबरच आहे. "दादाला तुझ्याशी रोज एक निमित्त हवंय, रात्रीची गोळी घेतलीस की डबीचा फोटो पाठवशील?" असं विचारलं तर बहुतेक आया तयार होतात. वेळ तिनेच ठरवायची. मालिका सुरू व्हायच्या आधी म्हणाली तर मालिकेच्या आधी.

मग ईमेलमध्ये काय? एक नमुना देतो. साताऱ्यातली आई, वय पंचाहत्तरच्या पुढे, साखर, रक्तदाब आणि थायरॉइड. लिहिणारी बहीण पुण्यात, थोरला भाऊ न्यू जर्सीत.

"दादा,

आईच्या औषधांबद्दल एक मागणं आहे. नीट वाचून रविवारपर्यंत सांग.

आईच्या दिवसाला सहा गोळ्या आहेत, यादी सोबत जोडली आहे. मूळ नावं, मिलिग्रॅम आणि वेळा आहेत त्यात. गेल्या महिन्यात मी पाकिटं मोजली. तीस दिवसांचं पाकीट आणलं होतं, महिना संपला तेव्हा रक्तदाबाच्या नऊ गोळ्या उरल्या होत्या. म्हणजे आठवड्यातून दोनेकदा तरी चुकतंय. तिला दोष देत नाहीये, आपल्यालाही इतक्या गोळ्या आठवल्या नसत्या.

मी आठवड्याची डबी आणली आहे, रोजचे चार कप्पे असलेली. दर रविवारी साताऱ्याला जाऊन मी ती भरीन. रोज दोनदा आई रिकाम्या कप्प्याचा फोटो पाठवेल, सकाळी साडेआठला आणि रात्री साडेआठला. दुपारच्या कॅल्शियमचा कप्पा रात्रीच्या फोटोत दिसेलच. आईला हे सांगितलं आहे, ती हो म्हणाली.

सकाळचं मी बघते. रात्रीचं तू बघशील का, सोमवार ते शनिवार? तिचे रात्री साडेआठ म्हणजे तुझे सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. फोटो आला तर एक अंगठा पाठव, बस. नऊपर्यंत आला नाही तर तिला फोन कर. उचलला नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा. तरी नाही तर शेजारच्या काकूंना, नंबर यादीत आहे, त्यांच्याकडे किल्ली असते. मग मला.

गोळी चुकलेली दिसली तर तिला दोन घ्यायला सांगू नकोस. कुठली गोळी चुकली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून यादीत प्रत्येक गोळीसमोर लिहून घेतलं आहे.

एक महिना करून बघू. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी फोनवर बोलू, काय जमलं, काय नाही. रात्रीचे सहा दिवस जड वाटत असतील तर कुठले तीन जमतील ते सांग, उरलेल्यांचं मी बघते. वहिनीला आणि मुलांना माझा नमस्कार-आशीर्वाद जो लागू असेल तो.

– छोटी"

या ईमेलमध्ये काय नाही ते बघा. "तुला काय, तू तिकडे" नाही. बाबांच्या आजारपणात कोण किती रात्री दवाखान्यात बसलं, तो हिशेब नाही. तो हिशेब खराही असेल, पण त्याची जागा वेगळी आहे. इथे तो आला की दादा गोळ्यांना उत्तर न देता हिशेबाला उत्तर देईल. "जरा आईकडे लक्ष दे" हेही नाही, कारण त्याला "नक्की" एवढंच उत्तर येतं आणि कुणाचं काहीच बदलत नाही. वार, वेळ आणि अडलं तर पुढचा फोन कुणाला, इतकं नेमकं मागितलं की माणसाला हो म्हणणंही सोपं जातं आणि नाही म्हणणंही.

आणि ते घड्याळ बघा. परदेशातल्या भावंडाला आपण उगाच मोकळं सोडतो, "त्याची तेव्हा रात्र असते" म्हणून. पण आईची रात्रीची गोळी ही न्यू जर्सीतली ऐन सकाळ आहे. दुबईत तर फक्त दीड तासाचा फरक आहे. फोटो बघायला दुरून चालतं. दार उघडायला मात्र जवळचं माणूस लागतं, म्हणूनच काकूंचा नंबर आणि किल्ली यांच्याशिवाय ही योजना अपुरी आहे. काकूंनाही आधी विचारून ठेवा. त्यांना पेढे नेऊन द्या, त्यांचा तो हक्क आहे.

फोटोच का, प्रश्न का नाही? कारण "घेतली का" ला "हो" येतं आणि रिकामा कप्पा आपोआप खरं सांगतो. पण मला याहून मोठं वाटणारं कारण दुसरं आहे. दोन भावंडं प्रेमाने लक्ष घालू लागतात, आठ वाजता एकाचा फोन येतो, "आई, गोळी घे," सव्वाआठला दुसऱ्याचा, "आई, गोळी घेतलीस? घेऊन टाक." आई गोंधळते आणि दुसऱ्यांदा घेते. साखरेच्या काही गोळ्यांच्या बाबतीत ही थट्टा नाही. म्हणून एका वेळेला एकाचीच पाळी, आणि तोंडातलं वाक्य "गोळी घे" नको, "डबी बघ" हवं. मंगळवार-रात्रचा कप्पा रिकामा असेल तर विषय संपला.

आईकडे साधा फोन असेल तर गोळी घेतल्यावर तिने मिस्ड कॉल द्यायचा. त्यातून डबी दिसत नाही, हे मान्य. मग रविवारी उरलेल्या गोळ्या मोजणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

डबीबद्दल दोन गोष्टी. काही गोळ्या पाकिटाबाहेर ठेवायच्या नसतात, ओलाव्याने बिघडतात. रक्त पातळ करणारं डॅबिगॅट्रान हे त्यातलं एक. डबी भरण्याआधी यादी औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवून विचारायचं. जिभेखाली ठेवायची तातडीची गोळीही डबीत नको, ती मूळ वेष्टनात, आईच्या हाताशी. आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. अशा घरात डबी फार उपयोगी पडते. ती गोळी फक्त ठरलेल्या वारी दिसते आणि बाकीचे सहा दिवस त्या जागी नसते.

आता ज्या गोष्टीकडे आपलं सहसा लक्ष जात नाही, तिथे जरा थांबू या. नजर ठेवायला सुरुवात केल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत जपायचे असतात.

आपल्या नमुन्यातल्या आईचंच घ्या. वर्षभरापूर्वी तिचा रक्तदाब १६० च्या खाली येत नव्हता. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० चं ८० केलं, पुढच्या खेपेला ॲम्लोडिपिनही जोडलं. डॉक्टरांना वाटलं औषध पुरत नाही. खरं तर औषध पोटातच जात नव्हतं. आता आपण फोटो सुरू केले, आईने आज्ञाधारकपणे सगळ्या गोळ्या रोज घेतल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाढवलेली मात्रा पूर्ण लागू झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सकाळी उठली, उभी राहिली आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. न्हाणीघरात पडली तर मांडीचं हाड. साखरेचंही तसंच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी रोज जाऊ लागली आणि जेवण मात्र चिमणीएवढंच राहिलं, तर साखर उतरते. घाम, थरथर, भूक ही लक्षणं दिसतात, पण म्हाताऱ्या माणसात कधीकधी नुसतं बरळणं किंवा गप्प बसणं दिसतं आणि आपण म्हणतो, वय झालं.

म्हणून सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा आणि मोकळेपणाने सांगायचं: इतके दिवस गोळ्या चुकत होत्या, आता सगळ्या जाणार आहेत. उरलेल्या गोळ्यांचा आकडा सांगायचा. मात्रा बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपण भावंडांनी ईमेलवर ठरवायची ती गोष्ट नव्हे. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर पहिले दोन आठवडे बसून मोजायचं, मग उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर डॉक्टरांना कळवायचं. साखर ७० च्या खाली गेली आणि आई शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे काकूंनाही सांगून ठेवा. उपासाच्या दिवशी कुठली गोळी कशी, हेही याच फोनमध्ये विचारून घ्या. आईचा उपास सुटणार नाही, निदान त्या दिवशीच्या गोळ्या तरी डॉक्टरांना विचारून ठरतील.

या पद्धतीची मर्यादाही आहे. रिकामा कप्पा म्हणजे गोळी पोटात गेली, असं नक्की नसतं. गादीखाली गोळ्या सापडू लागल्या, मंगळवारी बुधवारचा कप्पा उघडला गेला, तोच प्रश्न ती दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारू लागली, तर फोटोवर विसंबून राहायचं नाही. तिथे हातात गोळी देणारं माणूस हवं आणि डॉक्टरांची वेगळी भेट हवी. भावंडांनी मिळून बघितलं तर हा बदल लवकर ध्यानात येतो, कारण एकाला जे रोजचं वाटतं ते दुसऱ्याला खटकतं.

भावंडाने "नाही" म्हटलं तर? त्याचीही कारणं असतील. रात्रपाळी असेल, त्याच्या घरी कुणी आजारी असेल. मग दुसरं काम मागा. महिन्याची औषधं मागवणं, डॉक्टरांच्या तारखा सांभाळणं, औषध बदललं की यादी नव्याने लिहून सगळ्यांना पाठवणं. ही कामं फोटो बघण्याइतकीच खरी आहेत. उत्तरच आलं नाही तर चार दिवसांनी फोन करा. दुसरा ईमेल, आणि त्यात मामांना जोडून, असं नको. भांडणाला तेवढं पुरतं.

आणि आपल्यातल्या ज्यांना हा ईमेल येईल त्यांना. दूर राहणाऱ्यांना अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की माणूस एक तर पैसे पाठवतो किंवा सल्ले. इथे दोन्हींची गरज नाही. "नक्की करूया, खूप छान कल्पना" एवढंच लिहून थांबू नका. ते वाचून बहिणीला पुढच्या सोमवारी काय करायचं ते कळत नाही. वहिनी-भावोजींशी बोला, ऑफिसच्या वेळा बघा, अमेरिकेत असाल तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलतं ते ध्यानात घ्या, आणि मग लिहा: "मंगळवार ते शनिवार रात्रीचं माझ्याकडे, एक तारखेपासून. सोमवारी माझी मीटिंग असते, तो तू घे. काकूंना मीच एकदा फोन करतो." एवढं उत्तर पुरे.